वयाचा रकाना परत आणा: कर्करोग अहवाल समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
कर्करोग नोंदणी वार्षिक अहवाल समिती

स.न.वि.वि.

यंदाचा अहवाल हाती आला तेव्हा नेहमीच्या सवयीने मी आधी प्रदेशनिहाय तक्ता उघडला. आजवर तिथे दोन रकाने शेजारी-शेजारी असायचे. एक ढोबळ दराचा, ज्याला आपण सगळे क्रूड रेट म्हणतो, आणि दुसरा वय-प्रमाणित दराचा, म्हणजे लोकसंख्येतल्या वयांचा फरक बाजूला काढून मोजलेल्या दराचा. यंदा दुसरा रकाना नाही. प्रस्तावनेत त्याचं कारण एका ओळीत दिलं आहे: सर्वसामान्य वाचकाला अहवाल सोपा जावा. आणि उरलेल्या एकाच रकान्यावरून प्रदेशांची क्रमवारी लावून ती पहिल्याच पानावर छापली आहे.

या क्रमवारीत माझा प्रदेश तळाशी गेला. तळाशी म्हणजे 'कमी कर्करोगाचा' प्रदेश. त्यानंतर महिन्याभरात तपासणी पथकाच्या दौऱ्याचं नवं वेळापत्रक आलं आणि त्यात आमच्याकडचे दिवस निम्म्यावर आले होते. आधी वाटलं, वरच्या पातळीवर बोलून बघू. दोनदा लेखी कळवलं, उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी या नोंदणीत चौदा वर्षं काम करते. माझं काम म्हणजे केसपेपर, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि मृत्यूची नोंद समोर ठेवून एका माणसाची एकच नोंद तयार करणं. सगळ्यात जास्त वेळ जातो तो वयाच्या रकान्यात. मागच्या महिन्यातलीच एक नोंद सांगते. एकाच बाईंचं वय केसपेपरवर ६५, बायॉप्सीच्या रिपोर्टवर ६२ आणि डिस्चार्ज कार्डवर ६४. घरच्यांना फोन केला, जुना दाखला शोधायला लावला, तेव्हा ६३ पूर्ण असल्याचं कळलं. त्या ६० ते ६४ च्या गटात गेल्या. केसपेपरवर विसंबून राहिले असते तर पुढच्या गटात गेल्या असत्या. वय विचारलं की माणसं साठ, पासष्ट, सत्तर असं गोल सांगतात, त्यामुळे शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांवर नोंदींचे ढीग साचतात. ते ढीग मोडायला आम्ही दिवस घालवतो. हा खटाटोप ज्या आकड्यासाठी करायचा तोच आकडा तुम्ही काढून टाकलात.

आता मुद्द्याचं. तुमच्या अहवालातले आकडे मी इथे घेत नाही. हिशेब कुणालाही कागदावर करून बघता यावा म्हणून दोन कल्पित प्रदेश आणि गोल आकडे घेते. प्रत्येकाची लोकसंख्या १ लाख. 'अ' हा तरुण प्रदेश, 'ब' हा वयस्कर. वयाचे गट तीनच.

| वयोगट | अ: लोकसंख्या | अ: वर्षातले रुग्ण | ब: लोकसंख्या | ब: वर्षातले रुग्ण |
|---|---|---|---|---|
| ० ते ३९ | ७०,००० | ७ | ५०,००० | ४ |
| ४० ते ६४ | २५,००० | ४० | ३०,००० | ३६ |
| ६५ आणि पुढे | ५,००० | ३० | २०,००० | ९० |
| एकूण | १,००,००० | ७७ | १,००,००० | १३० |

ढोबळ दर काढायला एकूण रुग्णांना एकूण लोकसंख्येने भागायचं. 'अ' मध्ये लाखामागे ७७, 'ब' मध्ये १३०. तुमच्या पद्धतीने 'ब' वरच्या क्रमांकावर, 'अ' खाली, आणि पथक 'ब' कडे.

आता प्रत्येक ओळ वेगळी वाचा. चाळिशीच्या आतल्यांत 'अ' चा दर लाखामागे १०, 'ब' चा ८. चाळीस ते चौसष्टमध्ये 'अ' चा १६०, 'ब' चा १२०. पासष्टच्या पुढे 'अ' चा ६००, 'ब' चा ४५०. कुठल्याही वयाचा माणूस घ्या, त्याला कर्करोग होण्याचं प्रमाण 'अ' मध्ये जास्त आहे. तीनही ओळींत 'अ' पुढे, आणि बेरजेच्या ओळीत मात्र 'ब' पुढे.

हे कशामुळे होतं ते समितीला ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. ढोबळ दरही एक सरासरीच असतो. वयनिहाय दरांना वजनं लावून काढलेली सरासरी. फक्त ती वजनं प्रत्येक प्रदेशाची स्वतःची असतात. 'अ' मध्ये ज्येष्ठांच्या दराला ५ टक्के वजन मिळतं, 'ब' मध्ये २० टक्के. कर्करोग हा बहुतांशी वाढत्या वयाचा आजार. पेशींमधले बदल साचत जायला वर्षं लागतात, म्हणून ज्येष्ठांचा दर तरुणांच्या कितीतरी पट असतो. अशा आजारात ज्या प्रदेशात म्हातारी माणसं जास्त, तिथला ढोबळ दर फुगणारच. १३० आणि ७७ यांची तुलना करताना आपण आजाराचा धोका आणि लोकसंख्येची वयं या दोन गोष्टी एकाच वेळी मोजतो, आणि त्यातली कुठली किती हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

यावरचा उपाय अवघड नाही. दोन्ही प्रदेशांच्या वयनिहाय दरांना सारखीच वजनं लावायची. ही वजनं ज्या लोकसंख्येची, तिला प्रमाण लोकसंख्या म्हणतात. कर्करोग नोंदणीत वर्षानुवर्षं वापरली जाते ती मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये मांडलेली आणि रिचर्ड डॉल यांनी १९६६ मध्ये थोडी बदललेली जागतिक प्रमाण लोकसंख्या. आपल्या तीन गटांत मांडली तर तिच्या एक लाख माणसांत ६८,००० चाळिशीच्या आतली, २५,००० चाळीस ते चौसष्टमधली आणि ७,००० पासष्टच्या पुढची. या लाखभर माणसांना 'अ' चे दर लागू असते तर किती रुग्ण निघाले असते? तरुणांत ६.८, मधल्या गटात ४०, ज्येष्ठांत ४२. बेरीज ८८.८. 'ब' चे दर लावले तर ५.४, ३० आणि ३१.५, म्हणजे जवळपास ६६.९. हेच वय-प्रमाणित दर: 'अ' ८८.८, 'ब' ६६.९. तीनही ओळी जे सांगत होत्या तेच आता बेरीजही सांगते. (तीन गट मी फक्त हाताने हिशेब व्हावा म्हणून घेतले. प्रत्यक्षात पाच-पाच वर्षांचे १८ गट घ्यावे लागतात, कारण 'पासष्टच्या पुढे' या एकाच गटातसुद्धा एका प्रदेशात सत्तरीची माणसं आणि दुसऱ्यात पंच्याऐंशीची जास्त असू शकतात.)

माझी पहिली तक्रार ही. तुम्ही क्रमवारी धोक्याची म्हणून छापलीत, आणि ती खरं तर वयाची क्रमवारी आहे.

दुसरी तक्रार पान उलटल्यावर येते. तिथे ढोबळ दराचा वर्षानुवर्षांचा आलेख आहे आणि वर मथळा आहे, 'कर्करोगाचं प्रमाण झपाट्याने वाढतंय'. पुन्हा 'अ' प्रदेश घ्या. समजा काही दशकांनी तिथल्या लोकसंख्येची वयं आजच्या 'ब' सारखी झाली: ५०,०००, ३०,००० आणि २०,०००. धोका तसूभरही बदलला नाही, दर तेच १०, १६० आणि ६००. तेव्हा रुग्ण होतील ५, ४८ आणि १२०, म्हणजे १७३. ढोबळ दर ७७ वरून १७३ वर जाईल, दुपटीहून जास्त, आणि कुठल्याही वयाच्या कुठल्याही माणसाचा धोका वाढलेला नसेल. वय-प्रमाणित दर तेव्हाही ८८.८ च राहील. तुमच्या आलेखातली वाढ यातली किती, हे वाचकाला कसं कळावं? तो रेषा चढताना बघतो आणि हवा, पाणी, अन्न, मोबाइल अशा मिळेल त्या गोष्टीला दोष देऊन मोकळा होतो. यातली एखादी शंका खरीही असेल. पण या आलेखातून ती सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. आणि उलटंही होऊ शकतं: लोकसंख्या म्हातारी होत असताना प्रतिबंधाचं काम यशस्वी होऊन धोका खरोखर कमी झाला, तरी ढोबळ दर चढताच दिसेल आणि चांगलं काम करणाऱ्यांच्या पदरी अपयश बांधलं जाईल.

हा वाद नवा नाही. १८४४ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे एफ. जी. पी. नीसन यांनी एडविन चॅडविक यांच्या पद्धतीवर हीच हरकत घेतली होती. चॅडविक वेगवेगळ्या वस्त्यांचं आरोग्य मृत्यूसमयीच्या सरासरी वयावरून तोलत होते. नीसन यांनी एका वस्तीचे वयनिहाय मृत्युदर दुसऱ्या वस्तीच्या लोकसंख्येला लावून दाखवलं की वस्तीत कुठल्या वयाची माणसं किती राहतात यावरच तो आकडा हलतो. तेव्हा त्यांच्याकडे कागद आणि शाई होती. आपल्याकडे हा हिशेब संगणकावर क्षणात होतो, आणि आजवर होतही होता.

तुमचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. वय-प्रमाणित दर समजायला कठीण आहे, आणि तो 'खरा' आकडा नाही. दुसरं बरोबरच आहे. ८८.८ हे रुग्ण कुठेही राहत नाहीत. 'अ' मध्ये माणसं आजारी पडली ती ७७. खाटा किती हव्यात, रेडिओथेरपीच्या मशीनवर वेळ किती लागेल, औषधं किती मागवायची, हे ७७ आणि १३० वरून ठरवायचं, आणि त्यासाठी ढोबळ दर अहवालात असायलाच हवा. 'ब' ला उपचाराच्या सोयी जास्त लागतील हे मला मान्य आहे. पण तपासणी पथक पाठवताना, कारणं शोधताना, कुठल्या प्रदेशात काहीतरी बिघडलं आहे हे ओळखताना प्रश्न वेगळा असतो: सारख्या वयाच्या माणसांत फरक आहे का? त्याचं उत्तर ढोबळ दर देत नाही. दोन प्रश्नांना दोन आकडे लागतात. एक काढून टाकल्याने अहवाल सोपा झाला नाही, त्यातला एक प्रश्नच निघून गेला.

जुन्या रकान्यातही उणिवा होत्या आणि त्या मी लपवत नाही. तो परत आणताना सुधारूनच आणावा, असं मला मनापासून वाटतं.

पहिली उणीव ही की कुठली प्रमाण लोकसंख्या घेतली हे तक्त्याखाली कधीच लिहिलेलं नसायचं. ही किरकोळ बाब नाही. वरच्याच 'अ' आणि 'ब' ला २०१३ ची युरोपीय प्रमाण लोकसंख्या लावून बघा. तिच्यात तीन गटांचे वाटे ४७, ३३.५ आणि १९.५ टक्के आहेत. 'अ' चा दर होतो १७५.३ आणि 'ब' चा १३१.७. रुग्ण तेच, माणसं तीच, आणि ८८.८ चे १७५.३ झाले. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्हींत 'अ' 'ब' च्या सुमारे १.३३ पट आहे. पण कुणी एका अहवालातला ८८.८ आणि दुसऱ्या अहवालातला १३१.७ शेजारी ठेवले तर पुन्हा 'ब' च वर दिसेल, आणि या खेपेला चूक वय-प्रमाणित दराच्या नावावर जाईल. जागतिक आरोग्य संघटनेची २००० ते २०२५ या काळाच्या सरासरीवर बेतलेली लोकसंख्या आणखी वेगळी. वय-प्रमाणित दर तुलनेपुरताच खरा, आणि तुलना एकाच मापाने मोजलेल्यांतच होते.

दुसरी उणीव जास्त अवघड आहे, आणि माझ्या स्वतःच्या उदाहरणालाही ती लागू आहे. ८८.८ आणि ६६.९ यांतला फरक मोठा दिसतो. पण 'अ' मधले ज्येष्ठ रुग्ण मोजके ३० आहेत, आणि प्रमाण लोकसंख्येत ज्येष्ठांचा वाटा 'अ' पेक्षा मोठा असल्याने त्या प्रत्येकाचं वजन वाढतं. नेहमीच्या सूत्राने ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे योगायोगाचा भाग धरून खरा दर ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावा ते आकडे, काढल्या तर 'अ' साठी सुमारे ६९ ते १०९ आणि 'ब' साठी ५४ ते ८० येतात. त्या एकमेकांत शिरतात. फरकाची वेगळी चाचणी केली तरी तो नेहमीच्या कसोटीला थोडक्यात कमी पडतो. म्हणजे एका वर्षाच्या आकड्यांवरून 'अ' मध्ये धोका जास्त आहे असं मीही ठामपणे म्हणू शकत नाही. पाच वर्षांच्या नोंदी एकत्र घेतल्या आणि दर तेच राहिले, तर मर्यादा ८० ते ९८ आणि ६१ ते ७३ अशा आवळतात, आणि मग बोलता येतं. याहून लहान भागात तर अवस्था वाईट. पासष्टच्या पुढची ५०० माणसं असलेल्या भागात एक रुग्ण वाढला की त्या गटाचा दर लाखामागे २०० ने उडी मारतो आणि सेगींच्या वजनांनी वय-प्रमाणित दर १४ ने वाढतो. एका माणसामुळे. तिथे मोठ्या प्रदेशाचे दर लावून अपेक्षित रुग्ण किती होते ते काढावं आणि प्रत्यक्ष आकडा त्याशेजारी ठेवावा. अप्रत्यक्ष प्रमाणीकरण म्हणतात ते हेच.

तिसरी उणीव प्रमाणीकरणाच्या पोटातच आहे. समजा 'अ' मध्ये काही वर्षांत ज्येष्ठांचा दर ६०० वरून ४५० वर आला आणि त्याच काळात मधल्या वयाचा १६० वरून २०२ झाला. सेगींच्या वजनांनी हिशेब करा: ६.८, ५०.५ आणि ३१.५. बेरीज पुन्हा ८८.८. चाळीस ते चौसष्टच्या माणसांत एक चतुर्थांशाहून जास्त वाढ झाली, आणि सारांशाचा आकडा दशांशानेही हलला नाही. म्हणून वय-प्रमाणित दर वयनिहाय तक्त्याच्या जागी ठेवायचा नसतो, त्याच्यासोबत ठेवायचा असतो. तुम्ही यंदा वयनिहाय तक्ताही परिशिष्टातून काढला आहे. त्यामुळे आम्हाला स्वतः हिशेब करून बघायचीही सोय राहिली नाही.

मागण्या स्पष्ट सांगते.

प्रदेशनिहाय तक्त्यात वय-प्रमाणित दर ढोबळ दराशेजारी परत छापावा, पुरुष आणि स्त्रियांसाठी वेगळा, आणि त्याखाली प्रमाण लोकसंख्येचं नाव, वयोगटांची संख्या आणि विश्वासमर्यादा द्याव्यात. पहिल्या पानावरची क्रमवारी मागे घेतल्याचं शुद्धिपत्रक काढावं. नुसता पुढच्या वर्षी बदल करून चालणार नाही, कारण वेळापत्रकं या वर्षीच्या पानावरून ठरली आहेत.

वर्षानुवर्षांचा आलेख दोन रेषांचा करावा, ढोबळ आणि वय-प्रमाणित, आणि जिथे त्या एकमेकींपासून दूर जातात तिथे दोन ओळींत कारण लिहावं. सर्वसामान्य वाचकाला तेवढं नक्की समजतं. मी हे पत्र पाठवण्याआधी वरचा तक्ता आमच्या कार्यालयातल्या शिपाईदादांना दाखवला. तीन ओळी वाचून त्यांनीच विचारलं, "मग बेरीज उलटी का आली?" हा प्रश्न ज्याला पडतो त्याला उत्तरही समजतं.

वयनिहाय रुग्णसंख्या आणि वयनिहाय लोकसंख्या हे दोन्ही तक्ते परिशिष्टात परत यावेत. लोकसंख्या मोजणीतून घेतली की अंदाजाने काढली, आणि वय न कळलेल्या नोंदी किती होत्या व त्यांचं काय केलं, हेही तिथेच लिहावं. लहान प्रदेशांचे दर पाच वर्षं एकत्र करूनच द्यावेत.

आणि तपासणी पथकाच्या वेळापत्रकाचा फेरविचार हे आकडे समोर ठेवून व्हावा. फेरविचारानंतरही आमचे दिवस कमीच राहिले, तर ते मी मान्य करीन.

आमच्या प्रदेशाच्या मागच्या पाच वर्षांच्या नोंदी पाच-पाच वर्षांच्या १८ गटांत, पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या, अशा मी लावून ठेवल्या आहेत. वय न कळलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या आहेत. फाइल या पत्रासोबत समितीच्या कार्यालयात दिली आहे आणि तिची पोच घेतली आहे.

कळावे,

आपली,
नोंदणी विभागातील एक कर्मचारी